काचेवरचं नाव बदलताना

फोटो एका ऑफिसच्या दाराचा होता. दुधी काचेवर जुन्या भागीदारीचं नाव होतं. आता नाव बदललं होतं, पण ग्राहकाला फोटो तोच, फक्त नवं नाव घातलेला हवा होता. मोठा करून पाहिल्यावर लक्षात आलं की अक्षरांची जागा झाकून आजूबाजूची काच एचिंगने दुधी केली होती. अक्षरं साफ, बाकी सगळं धूसर.

कामातली खरी अडचण इथेच होती. साफ काचेवर दुधी अक्षर बसवायचं तर मागचं चित्र धूसर करता येतं. एकदा धूसर झालेलं परत स्पष्ट होत नाही. नव्या अक्षरांतून मागची खोली दिसायला हवी होती, आणि ती फोटोत जुन्या अक्षरांच्या रेघांमधूनच काय ती दिसत होती.

शिरोरेषेने मोठी मदत केली. ती नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ काचेची सलग पट्टी होती. तिच्यातून कपाटाची कड, खिडकीची चौकट आणि भिंत यांची ठिकाणं कळली. या उभ्या कडा खाली वाढवल्या की नव्या अक्षरांमागचा बराच भाग उभा राहत होता.

रंगासाठी मी उजळपणाचं मोजमाप केलं, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. कडांपासून दूर, मोठ्या सपाट भागात कपाट साफ काचेतून २० दिसत होतं आणि दुधी काचेतून ९५. खिडकी २४० ची २१५ झाली होती. दुधी काच प्रकाश विखुरते, त्यामुळे काळा वर येतो आणि पांढरा खाली. मग फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये इनपुट ९५ ते २१५ आणि आउटपुट २० ते २४० ठेवून, नव्या अक्षरांत येणाऱ्या मोठ्या भागांचे रंग परत मिळवले.

जुनी अक्षरं बुजवताना सगळीकडे एकच गॉशियन ब्लर चालला नसता. काचेला जवळजवळ टेकलेली कुंडी दुधी काचेतूनही बऱ्यापैकी ओळखू येते, दूरची खिडकी मात्र पार विरघळते. हा फरक बहुतेक कामांत राहून जातो आणि काच लगेच खोटी वाटते. म्हणून कुंडीचा भाग वेगळ्या लेयरवर कमी ब्लरने भरला.

अक्षरांची कड मास्कवर किंचित मऊ केली, दाराच्या लांबच्या बाजूला जरा जास्त, कारण तिथे फोकस सुटत होता. ग्रेन, म्हणजे फोटोतला बारीक दाणेदारपणा, सर्वांत शेवटी घातलं. मग तात्पुरता तीव्र कर्व्ह्ज लेयर लावून एकेक चॅनेल तपासलं. निळ्या चॅनेलमध्ये जुन्या नावाचा एक गुळगुळीत डाग उठून दिसला. तिथे ग्रेन कमी पडलं होतं, ते वाढवलं.

एका अक्षरामागची जागा जुन्या नावातून कुठेच दिसत नव्हती. तिथे मी साधी भिंत भरली आणि फाइल पाठवताना हा भाग अंदाजाने भरला आहे असं ग्राहकाला लिहून कळवलं.