कंसातला हशा

मित्राने त्याच्या जुन्या रूममेटच्या लग्नात बोलायचं भाषण तपासायला पाठवलं, सोबत एकच ओळ, "जरा बघ ना, फार काही बदलू नकोस". म्हणजे बदलायचंय हे त्यालाही कळलेलं होतं. ड्राफ्ट वाचायला घेतला तर दर चार ओळींनी कंसात (हशा) असं लिहिलेलं. नाटकाच्या पुस्तकात असतं तसं. मला तिथेच हसू आलं, पण ते त्याला अपेक्षित होतं त्या जागी नाही.

पण ते कंस मात्र फार कामाचे निघाले. मी प्रत्येक (हशा) पुढे पेन्सिलने एक आकडा टाकत गेले, की हॉलमध्ये 200 माणसं धरली तर इथे खरंच किती हसतील. "आणि हो मित्रा, तिसरा मजला!" (हशा) याच्यापुढे मी 6 लिहिलं. मला स्वतःला तिसरा मजला माहीत नव्हता, आणि मी तर त्या दोघांना ओळखते. उरलेले 194 लोक काय करणार, तर आधी त्या सहा जणांकडे बघणार, मग एकमेकांकडे, मग फोनकडे. इनसाइड जोकचा प्रॉब्लेम तो कळत नाही एवढाच नसतो, आपण या गंमतीत नाही हे माणसाला त्या क्षणी जाणवतं, आणि लग्नात निम्मी माणसं तर समोरच्या बाजूची असतात, त्यांना तर आधीच जरा परकं वाटत असतं.

मी त्याला फोन करून विचारलं, काय आहे रे हे तिसरा मजला? तर किस्सा असा की घर बदलताना या दोघांनी लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं आणि वर गेल्यावर कळलं की ही बाजूची बिल्डिंग आहे. पत्ता नवरदेवाने लिहून घेतला होता. आता हे ऐकून कोणीही हसेल, फक्त ही दोन वाक्यं ड्राफ्टमध्ये नव्हतीच. माझा साधा हिशोब असा की जोक उघडायला दोन वाक्यं पुरत असतील तर ती घालायची आणि जोक ठेवायचा, चौथं वाक्य लागलं तर सरळ काढायचा, कारण तोपर्यंत तो जोक राहत नाही, खुलासा होतो. याच नियमाने आणखी चार (हशा) उडाले. त्याशिवाय एक जुन्या मैत्रिणीबद्दलचा होता, तो सगळ्यांना कळला असता आणि म्हणूनच काढला, त्याच्यावर वाद घालायला मी त्याला वेळच दिला नाही.

लांबीचं काम त्या मानाने सोपं. ड्राफ्ट साधारण 1100 शब्दांचा होता आणि तो म्हणत होता "अगं तीन मिनिटांत होतं". होतं, डोळ्यांनी वाचलं तर. मी त्याला म्हटलं उभा राहा, फोनवर टायमर लाव आणि मोठ्याने म्हण, हॉलमध्ये म्हणशील तसं. दहा मिनिटांच्या वर गेलं, आणि त्यात लोक हसल्यावर थांबावं लागतं तो वेळ धरलाच नव्हता. साडेचारशे शब्दांच्या आसपास आणलं की चार मिनिटं बोलणं आणि मिनिटभर हसणं, बास. सगळ्यात जास्त कात्री लागली ती सुरुवातीला, "मी कोण आणि मला आज का बोलावंसं वाटतं" यावर अख्खा पॅरा होता, त्याचं "मी याचा पाच वर्षांचा रूममेट" एवढंच उरलं.

आता खरं अवघड काम. मी ड्राफ्टवर दोन रंग फिरवले, नवरदेवाच्या घरच्यांबद्दल आहे ते निळं आणि नवरीच्या घरच्यांबद्दल आहे ते हिरवं. कागद जवळजवळ पूर्ण निळा झाला. हिरवं शेवटी एका ओळीत, "आणि वहिनींच्या प्रेमळ कुटुंबाचंही मनापासून अभिनंदन". प्रेमळ हा शब्द माणूस न भेटताही लिहिता येतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

त्याहून वाईट एक वाक्य होतं ज्याच्यावर तो फार खूश होता. "वहिनी आल्या आणि त्यांनी आमच्या या बेशिस्त प्राण्याला माणसात आणलं." (हशा) आता हे वाक्य नवरीचं कौतुक म्हणून लिहिलंय, आणि लोक हसतीलही, मी 150 आकडा टाकला होता. पण पहिल्या रांगेत ती बाई बसलेली असणार जिने त्याला पंचवीस-तीस वर्षं वाढवलंय, तिने काय ऐकायचं? की आम्हाला जमलं नाही ते सुनेने केलं. गंमत म्हणजे हे वाक्य उलटं फिरवलं तरी तेवढंच टोचतं, "याच्यामुळे ती किती समजूतदार झाली" म्हटलं की लगेच तिच्या आईवडिलांचं तोंड बारीक होतं. एकाच्या कौतुकासाठी दुसऱ्याला आधी कमी दाखवावं लागत असेल तर त्या वाक्यात कुणाचं तरी घर दुखावतंय असं समजायचं. असली वाक्यं शोधायला मी ड्राफ्ट दोनदा वाचते, एकदा त्याची आई होऊन आणि एकदा तिचे बाबा होऊन. सांगते, दुसऱ्या वाचनात मला मधेच घरी जावंसं वाटलं.

तो म्हणाला मग हिरवं आणू कुठून, मी त्यांना दोनदाच भेटलोय. म्हटलं तू नको आठवू, नवरीच्या भावाला विचार, हा पहिल्यांदा तुमच्या घरी आला तेव्हा काय झालं होतं. गुण नको विचारू, काय झालं ते विचार. आणि त्याने जे सांगितलं त्यात सगळं भाषणच मिळालं. मुलीने घरी आधीच सांगून ठेवलं होतं की हा माणूस बिल्डिंग चुकतो, म्हणून तिचे बाबा अर्धा तास आधीपासून खाली रस्त्यावर येऊन उभे होते, आणि याला बाजूच्या गेटमध्ये शिरताना त्यांनीच हाक मारून परत बोलावलं.

मग भाषण आपोआप उभं राहिलं. कपाट आणि तिसरा मजला, मग त्याची आई, जी त्या दिवसापासून फोन ठेवताना "बरोबर बिल्डिंगमध्ये आहेस ना" असं विचारते (हे मित्राला माहीत होतं, फक्त लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं), आणि मग तिचे बाबा रस्त्यावर उभे. दोन्ही घरं आली, कुणाचीही स्तुती न करता, आणि सहा जणांचा जोक आता सगळ्यांचा झाला. फक्त बाबांचा किस्सा स्टेजवर सांगितलेला चालेल का, हे भावाकडून त्यांनाच विचारून घ्यायला लावलं, माणसाला स्वतःची गोष्ट माइकवर पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

शेवटावरून थोडं भांडण झालं. त्याचा शेवट होता "असो, बोलण्यासारखं खूप आहे पण थांबतो", आणि अशा शेवटाला लोकांना कळतच नाही की आता ग्लास उचलायचा का टाळ्या वाजवायच्या का हा अजून बोलणारे. म्हटलं शेवटचे शब्द दोघांची नावं असू देत, "यांच्यासाठी" म्हण, नावं घे आणि ग्लास वर कर, लोक पाठोपाठ तेच म्हणतील. मग तो विचारतो पहिलं नाव कुणाचं घेऊ. तिचं घे म्हटलं, सगळं भाषण त्याच्यावरच तर आहे.