गुरुजींचे पन्नास लाख

मे महिन्यातली दुपार होती. अमळनेरमधल्या माझ्या ऑफिसात कूलर चालू असूनही घाम थांबत नव्हता. तालुक्यातल्याच एका गावचे शिक्षक पत्नीला घेऊन आले. मुलगी तीन वर्षांची. ती अठराची होईल तेव्हा हातात पन्नास लाख हवेत, म्हणून दरमहा 5,000 रुपयांची स्टेप-अप एसआयपी, दर वर्षी हप्त्यात 10 टक्के वाढ, असं ठरवूनच ते आले होते. फॉर्म भरलेला होता. सोबत चौकटीच्या वहीचा एक कागद होता आणि त्यावर तळाशी दोनदा अधोरेखित केलेला आकडा: 50.40 लाख.

मी सहीसाठी पेन पुढे केलं, पण तो आकडा डोळ्यांत खुपला. 12 टक्के परतावा धरून पंधरा वर्षांत एवढे होत नाहीत, हे रोजच्या सवयीने कळतं. विचारलं, "गुरुजी, हे कसं काढलं?"

त्यांची रीत ऐकायला अगदी बरोबर वाटणारी होती. पंधरा वर्षांत एकूण भरणार 19.06 लाख. भागिले 180 महिने, म्हणजे सरासरी हप्ता 10,591. तो त्यांनी मी पूर्वी दिलेल्या साध्या एसआयपीच्या शीटमध्ये टाकला होता. बेरीज चोख, भागाकार चोख. पण सरासरी काढली की कोणता पैसा केव्हा आला, हेच पुसलं जातं. स्टेप-अपमध्ये मोठे हप्ते शेवटी येतात आणि त्यांना वाढायला वेळच उरत नाही.

मी एक्सेलमध्ये पंधरा ओळी मांडल्या, एका वर्षाची एक. पहिल्या वर्षी दर महिन्याच्या सुरुवातीला 5,000 भरले, तर वर्षअखेर 63,832 होतात. पुढची चौदा वर्षं ते 12 टक्क्यांनी वाढून 3.12 लाख होतात. मग शेवटची ओळ दाखवली. पंधराव्या वर्षी हप्ता 18,987, म्हणजे वर्षाला 2.28 लाख भरायचे आणि त्याचे होतात फक्त 2.42 लाख. गुरुजींनी पहिल्या ओळीवर एक बोट आणि शेवटच्या ओळीवर दुसरं ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिले. साठ हजारांनी सव्वादोन लाखांना मागे टाकलं होतं.

पंधरा ओळींची बेरीज आली 41.37 लाख. तीच एका सूत्रातही मिळते:

```
=63832*(1.12^15-1.10^15)/(0.12-0.10)
```

कंसात आधी परताव्याची वाढ, त्यातून हप्त्याची वाढ वजा, आणि खाली दोन्ही दरांतला फरक. (यात 12 टक्के म्हणजे वर्षाचे पुरे 12. महिन्याला 1 टक्का धरणारी शीट प्रत्यक्षात वर्षाला 12.68 टक्के धरते, त्यामुळे तिचा आकडा फुगलेला दिसतो.)

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी म्हणाल्या, "आणि दहाच टक्के मिळाले तर, भाऊ?"

प्रश्न अगदी रास्त होता. बारा टक्के हे गृहीतक आहे, बाजाराने दिलेला शब्द नव्हे. मी 0.12 च्या जागी 0.10 टाकलं आणि पडद्यावर `#DIV/0!` आलं. वहिनींना वाटलं, पैसेच संपले. परतावा आणि वाढ सारखी झाली की खालचा फरक शून्य होतो, म्हणून सूत्र अडतं. पैसे अडत नाहीत. उलट तेव्हा हिशेब सर्वांत सोपा होतो. हप्ता जितका वाढतो, तितकीच वाढ जुन्या पैशालाही मिळते, त्यामुळे प्रत्येक वर्षाची भर शेवटी सारखीच ठरते. इथे ती 2.40 लाख. गुणिले 15, म्हणजे 36 लाख.

पन्नास हवे असतील तर काय, हे त्यानंतर दोन मिनिटांत सुटलं. वाढीचा दर तोच ठेवला की अंतिम रक्कम पहिल्या हप्त्याच्या सरळ प्रमाणात बदलते. 5,000 ला 41.37 लाख, तर 50 लाखांना साधारण 6,043. गुरुजींनी 6,100 ठरवले. 12 टक्क्यांनी 50.48 लाख, 10 टक्क्यांनी 43.92. दोन्ही आकडे मी त्यांच्याच कागदावर, जुन्या आकड्याच्या खाली, त्यांनाच लिहायला लावले. वाढीचा दर 15 टक्के करू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. शिक्षकाचा पगार दर वर्षी तेवढा वाढत नाही, आणि उशिरा येणाऱ्या रुपयापेक्षा आजचा रुपया जास्त काम करतो.

सही करायच्या आधी बँक मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची बँकेला दिलेली परवानगी, पाहिलं. कमाल रक्कम 10,000 लिहिलेली होती. 6,100 दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढत गेले, तर सातव्या वर्षी हप्ता 10,807 होतो आणि बँक तो परत पाठवते. मुलगी तेव्हा चौथीत असेल आणि हा कागद कुणाला आठवणारही नाही. शेवटचा हप्ता 23,165 चा आहे. नवा फॉर्म काढला आणि त्या चौकटीत गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात 25,000 लिहिलं.