माझा अनुभव: खर्च तोच, पण दुसरी पायरी अडली

रत्नागिरीहून 300 आणि देवगडहून 200 हापूसच्या पेट्या. वाशीला 300 हव्यात, पुण्याला 200. पेटीमागे भाडं रत्नागिरी–वाशी 60 रुपये, रत्नागिरी–पुणे 55, देवगड–वाशी 75, देवगड–पुणे 70. शिवाय दर 3 पेट्यांना 8 रुपये हमाली. आकडे नमुन्याचे आहेत, पण अडचण अशाच आकड्यांत येते.

कुठून कुठे किती पेट्या पाठवल्या तर खर्च किमान येईल, हे लिनिअर प्रोग्रॅम मांडून PuLP च्या सॉल्व्हरकडून काढलं. प्रोग्रॅममधल्या अटींच्या ओळींचा क्रम बदलला तर खर्च तोच, वाटप मात्र वेगळं! दोन्ही गावांकडून वाशीचं भाडं पुण्यापेक्षा 5 रुपयांनीच जास्त, म्हणून पेट्यांची अदलाबदल केली तरी बेरीज हलत नाही.

मग दुसरा निकष लावला: आंब्याचा वाटेतला वेळ. वरच्याच क्रमाने 9, 8, 12 आणि 10 तास. देवगड–पुणे जलद गाडीही आहे: 84 रुपये, 7 तास. दुसऱ्या लिनिअर प्रोग्रॅममध्ये जुन्या सगळ्या अटी ठेवायच्या, खर्च पहिल्या उत्तरापेक्षा वाढू द्यायचा नाही आणि वेळ कमी करायचा.

इथेच सॉल्व्हर `Infeasible` म्हणून अडून बसला. निम्मा दिवस मी अटी तपासण्यात घालवला आणि अटींत काहीच चूक नव्हती. खरा खर्च 33333.3333… रुपये. पडद्यावर 33333.33 दिसला आणि तोच मी हाताने अटीत टाकला. म्हणजे मर्यादा खऱ्या किमान खर्चापेक्षा 0.0033 रुपयांनी खाली गेली. सॉल्व्हर साधारण 0.000001 एवढीच चूक माफ करतो, त्यामुळे त्याच्या लेखी उत्तरच उरलं नाही. आकडा वर पूर्णांकित झाला असता तर ही चूक कळलीही नसती. म्हणून पडद्यावरचा आकडा कधीही उतरवू नका, प्रोग्रॅमकडूनच घ्या आणि किंचित सूट द्या:

```python
z = pulp.value(p.objective)
p += kharcha <= z + 1e-6*abs(z)
p.setObjective(vel)
p.solve()
```

ही सूट साधारण 3 पैशांची. वैतागून मी आधी अर्धा टक्का दिली होती. तेवढ्यात 166 रुपये सुटतात, आणि 14 रुपये जादा मोजून जवळपास 12 पेट्या जलद गाडीत जातात. ही बरोबरीतली निवड राहिली नाही, वेळ विकत घेणं झालं. तसं करायचं असेल तर ते उघडपणे ठरवून करावं.

उत्तर: रत्नागिरीच्या 300 पेट्या वाशीला, देवगडच्या 200 पुण्याला, एकूण 4700 पेटी-तास. देवगडच्या सगळ्या पेट्या वाशीला पाठवल्या असत्या तर तेवढ्याच खर्चात 4900 झाले असते.

सूट अजिबात नको असेल तर पहिल्या उत्तरातली रिड्यूस्ड कॉस्ट बघा, म्हणजे ते चल एकाने वाढवलं तर किमान खर्च किती वाढतो तो आकडा. ज्या चलाची ती शून्य नाही, ते चल त्याच्या सीमेवरच बांधून टाका. इथे जलद गाडीची 14 येते, म्हणून तिला शून्य. मग खर्चाची अट लिहावीच लागत नाही. असमानतेच्या अटी असतील तर प्रत्येकीची ड्युअल किंमत बघा, म्हणजे अटीची मर्यादा एकाने हलवली तर किमान खर्च किती बदलतो तो आकडा; ज्यांची ती शून्य नाही, त्या बरोबरीच्या करा.

आणि हो, पहिला निकष नफा वाढवण्याचा असेल तर अट `>=` होते आणि सूट वजा करायची. ती अधिक केली तर पुन्हा `Infeasible`.