कोड कोणाच्या फोनवर येतो

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. माणूस नोकरी सोडून जातो आणि ऑफिसच्या खात्याचं टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, त्याच्या फोनवर राहून जातं, हे मला नवीन नाही. तरी गेल्या महिन्यातली केस डोक्यातून जात नाही.

स्प्रिंगा बनवणारा कारखाना. ऑर्डरी, ड्रॉइंग, कोटेशनं, सगळं एकाच साध्या जीमेलवर. टू-स्टेप आधीच्या अकाउंटंटने स्वतःच्या मोबाईलवर लावलेलं, कारण तेव्हा ऑफिसचा वेगळा मोबाईलच नव्हता. तो सांगलीला गेला. मग नव्या मशीनवर लॉगिन करायचं झालं की त्याला फोन, "अरे, कोड सांग रे." तो सांगायचा. एकदा दिवसभर त्याने फोन उचलला नाही आणि मालकांनी ठरवूनच टाकलं की हा आपल्याला अडवतोय. मी पोचले तेव्हा पोलीस तक्रारीची भाषा चालू होती. एवढी वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसावर इतक्या पटकन संशय घेतलेला मला आवडत नाही, आणि ते मी बोललेही.

पण त्याआधी विचारलं, हे खातं कुठल्या मशीनवर अजून उघडं आहे? डिस्पॅचच्या टेबलावरच्या जुन्या पीसीवर होतं, आणि तोच पीसी त्या संध्याकाळी फॉरमॅट होणार होता. तो आधी थांबवला. जिथून खातं रोज चालतं ते मशीन गुगलच्या ओळखीचं असतं. अनोळखी लॅपटॉपवरून सुरक्षेच्या सेटिंगला हात लावला की ते अडवू शकतं. हा पीसी पुसला गेला असता आणि तिकडचा फोनही बिघडला असता, तर उरला असता फक्त रिकव्हरीचा फॉर्म. फुकटच्या जीमेलला त्या फॉर्मपलीकडे आपली बाजू ऐकून घेणारं कोणी नसतं.

अकाउंटंटला मीच फोन लावला. त्या दिवशी तो ऑडिटमध्ये अडकला होता, बाकी काही नाही. "मॅडम, मला पण यातून मोकळं करा. मी खातं काढलं तर साहेबांचं काम बंद पडेल म्हणून ठेवलंय," म्हणाला.

इथे क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण आधी जुना फोन काढतात आणि स्वतःच बाहेर पडतात. आम्ही त्याच्याकडून शेवटचा कोड घेऊन सेटिंग उघडलं. आधी ऑफिसचा नंबर जोडला, मग दहा बॅकअप कोड नव्याने काढून छापले आणि मालकांच्या कपाटात ठेवले. नवे काढले की जुना संच आपोआप बाद होतो. त्यानंतर कोड बनवणारं ॲप बदलायला Change authenticator app दाबून नवा क्यूआर ऑफिसच्या फोनवर स्कॅन केला. मग त्याचा नंबर काढला, पासवर्ड बदलला, डिव्हाइसच्या यादीतून त्याचा फोन साइन आउट केला आणि रिकव्हरीचा नंबर व ईमेल बदलले. रिकव्हरी बदलली तरी जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय गुगल सात दिवसांपर्यंत देऊ शकतं, म्हणून आठवड्यानंतर पुन्हा बघायचं ठरवलं.

मालकांची खात्री पटेना. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, तर अकाउंटंटच्या ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी सहा आकडे बदलतच होते. "बघा, चालूच आहे!" त्यांचा आवाज चढला. मी त्याला आकडे वाचायला सांगितले आणि दुसऱ्या लॅपटॉपवर टाकले. चुकीचा कोड. फोन स्वतःजवळची जुनी चावी आणि घड्याळ यांवरून आकडे काढत राहतो. खात्याने ती चावी टाकून दिली हे त्याला कधीच कळत नाही. मग त्याने ॲपमधली नोंद पुसली.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "चला, आता ते 'तुम्हीच लॉगिन करताय का' पण यायचं नाही." मी विचारलं, त्याला काय उत्तर देत होतात? "हो. ऑफिसातलं कोणीतरी असणार म्हणून."

न विचारता. कोड सांगताना निदान समोर ओळखीचा आवाज होता. इथे ज्याच्या हाती पासवर्ड त्याला तो दार उघडून देत होता, आणि पासवर्ड तर मॉनिटरला चिकटवलेला. डिव्हाइसच्या यादीत एक विंडोज कॉम्प्युटर निघाला, ठिकाण मुंबई. सगळ्यांना विचारलं. मालक म्हणाले आमचा नाही, अकाउंटंट म्हणाला माझा नाही, सीएच्या ऑफिसनेही नाही म्हटलं. ठिकाण आयपीवरून अंदाजाने दाखवलेलं असतं, त्यामुळे तो कारखान्यातलाच एखादा जुना पीसीही असू शकेल. फॉरवर्डिंग तपासलं, फिल्टर तपासले, काही सापडलं नाही. पण उघडून वाचलेल्या मेलची खूण कुठे राहते?

मालकांना सांगितलं, बँक खातं बदललंय असा मेल तुमच्या नावाने कोणाला गेलाय का, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून विचारा. ते काम अजून पूर्ण झालेलं नाही. मी दर सोमवारी विचारते.