उलटा केला तरी तिथेच अडकणारा ड्रॉवर

मला अजून राग येतो तो ड्रॉवरचा नाही, माझाच. म्हणून लिहून टाकतो.

काम साधं होतं. एका छोट्या कपाटात तीन ड्रॉवर, लाकडी रनरवर, म्हणजे खालच्या पट्ट्यांवर सरकणारे. घरमालकीणबाईंना लोखंडी चॅनेल नको होता. चॅनेलला दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिमी जागा लागते आणि ती समोरच्या पाटीमागे झाकली जाते, त्यामुळे पेटी थोडी इकडेतिकडे झाली तरी बाहेरून कळत नाही. आम्हा सुतारांतल्या निम्म्यांचे हात त्यामुळेच बिघडलेत, असं माझं मत आहे. इथे तसं नव्हतं. ड्रॉवरची पाटी कपाटाच्या तोंडाच्या आत बसायची होती, कडेची फट उघडी दिसणार होती.

प्रत्येक तोंड ४०० मिमी रुंद आणि १४० उंच. रुंदी मी पुढे मोजली तशी मागेही मोजली, कारण कपाट मागे अर्धा मिमी जरी आवळलेलं असलं तरी ड्रॉवर शेवटच्या चार बोटांत अडकतो आणि लोक मेण लावत बसतात. माप दोन्हीकडे सारखं निघालं. मग पेटीची रुंदी ३९८ धरली, म्हणजे प्रत्येक बाजूला १ मिमी. उंची १३८ धरली. लाकूड दमट हवेत फुगतं ते आडव्या अंगाने, म्हणजे इथे उंचीत, म्हणून वर २ मिमी मोकळे सोडले.

सांधा रिबेटचा. हा सांधा हलका समजतात, पण ड्रॉवरच्या तळासाठी मला तो फार आवडतो. समोरची पाटी १८ मिमी जाड होती. तिच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने १२ मिमी रुंद आणि १२ मिमी खोल अशी पायरी काढली. बाजूची १२ मिमीची फळी त्या पायरीत बसते आणि पुढे ६ मिमीचा ओठ उरतो, तो फळीचं तोंड झाकतो. मागची फळी १२ मिमीची, तिच्यात पायरी ६ खोल. आता गंमत बघा. तळाच्या प्लायसाठी चारही फळ्यांना ६ मिमी खोल खोबण मारायची असते. बाकीच्या बऱ्याच सांध्यांत ही खोबण टोकापर्यंत नेली की कोपऱ्यात चौकोनी भोक दिसतं, मग ते बुजवत बसा. रिबेटमध्ये पाटीची खोबण पायरीतच संपते, कारण तिथलं लाकूड आधीच गेलेलं असतं, आणि बाजूच्या फळीची खोबण ओठामागे दडते. चारही फळ्या एकाच गाइडला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ काढायच्या. कुठे थांबायचं याची आखणी नाही, पटाशीने कोपरे कोरणं नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. ६ मिमी म्हणून मिळणारा प्लाय सहाचा क्वचितच असतो. माझा ५.६ भरला. ६ च्या कटरने खोबण मारली असती तर तळ आत खुळखुळला असता. म्हणून बारीक पात्याने दोनदा फिरवून, प्रत्येक वेळी हातातला प्लायचा तुकडा घालून बघत, अंगठ्याच्या दाबाने सरकेल इतपत खोबण केली. तळ खोबणीच्या पूर्ण मापापेक्षा रुंदीत २ आणि लांबीत २ मिमी लहान कापला, ३८४ गुणिले ४१०. पूर्ण मापाचा कापला तर तो खोबणीच्या बुडाला टेकतो आणि सांधे मिटायच्या आधीच क्लॅम्प अडतात. मग माणूस जोर लावतो, बाजूच्या फळ्या फुगतात आणि मधोमध फट गायब होते.

गोंद लावला, क्लॅम्प आवळले, कर्ण मोजले. दोन्ही ५८६. एक केसाचाही फरक नाही. मी मदतनीस पोराला बोलावून टेप दाखवला. कर्णात ३ मिमी जरी फरक पडला तरी पाटीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा २ मिमी पुढे राहतं, हे त्याला समजावलं. पोरगा म्हणाला, "मग आता झालं ना, मिस्त्री?" मी म्हणालो, झालं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर घातला. बाजूच्या फटी दोरी लावल्यासारख्या सारख्या. वरची फट मात्र उजवीकडे २ आणि डावीकडे जेमतेम १. खाली बघितलं तर पाटीचा डावा कोपरा उचललेला. ड्रॉवर बाहेर काढला. मागच्या उजव्या कोपऱ्याच्या वरच्या कडेवर घासल्याची चमक होती, कपाटातल्या वरच्या पट्टीवरही तिथेच रेघ.

आता दोष ड्रॉवरचा की कपाटाचा? यासाठी माझी जुनी युक्ती आहे: ड्रॉवर उलटा करून घालायचा. दोष ड्रॉवरचा असेल तर डावीकडची अडचण उजवीकडे जाईल. कपाटाचा असेल तर जागच्या जागी राहील. उलटा करून घातला. डावीकडेच १, उजवीकडेच २, आणि घासतंय मागे उजवीकडेच. म्हणजे कपाट. कपाट दुसऱ्याने बनवलेलं होतं, त्यामुळे हा निकाल मला पटायलाही सोपा गेला, हे कबूल करायला हवं. उजवा रनर मागे चढलेला आहे असं ठरवून मी त्याच्या मागच्या टोकाला रंधा मारला. चांगला १ मिमी उतरवला.

ड्रॉवर घातला. फरक शून्य.

तिथे मी थांबलो, आणि दिवसभरातलं तेवढंच एक शहाणपणाचं काम केलं. रनरवर कागदाचा तुकडा ठेवून ड्रॉवर आत ढकलला आणि मागून कागद ओढला. अलगद निघाला. म्हणजे मागचा उजवा कोपरा रनरला टेकतच नव्हता. जो टेकत नाही त्याच्याखालचं लाकूड छिलून काय होणार?

ड्रॉवर उचलला आणि जाड काचेच्या सपाट पाटावर ठेवला. डुगडुगला. पुढचा डावा दाबला की मागचा उजवा ३ मिमी वर. पेटीला पीळ होता. वरच्या कडांवर पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून नजर जमिनीलगत नेली, तेव्हा दोन पट्ट्या कात्रीसारख्या दिसल्या. कर्ण समान असले तरी पीळ असू शकतो. कर्ण फक्त पेटी तिरकी झाली आहे का ते सांगतात, एक कोपरा हवेत आहे का ते नाही.

मग सगळं जुळलं. पेटी तीन कोपऱ्यांवर बसत होती. पाटी जड, म्हणून पुढे दबून मागचा उजवा कोपरा ३ मिमी उचलला जाणार. वर जागा २ मिमीचीच. तो वरच्या पट्टीला टेकला आणि उरलेला १ मिमी पुढच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडला.

पण मग उलटा केल्यावर दोष बाजू का बदलत नव्हता? हे कळायला मला रात्र गेली. स्क्रूचा आटा डोक्याकडून बघा नाहीतर टोकाकडून, वळण एकाच दिशेचं दिसतं. पिळाचं तसंच असतं. पिळलेली फळी पालथी करा, ती पुन्हा त्याच जागच्या दोन कोपऱ्यांवर डुगडुगते. तळ वाकडा असला, उंची एकीकडे जास्त असली, तर उलटवून दोष पकडता येतो. पीळ मात्र ही परीक्षा हसत हसत पास होतो आणि कपाटाला नापास करतो.

पीळ आला कुठून? आधी मी पोरावर घसरलो. पण आठवलं तसं लक्षात आलं, क्लॅम्पचा दांडा टेबलाला अडू नये म्हणून पेटीच्या एका कोपऱ्याखाली हार्डबोर्डची चिपळी मीच सरकवली होती. ती मोजली, ३ मिमी. तो कोपरा रात्रभर तिच्यावर टेकून होता आणि गोंदाने तोच आकार पकडून ठेवला. पातळ प्लायचा तळ पीळ रोखत नाही, तोही सोबत वळतो. पोराला मी तसं सांगितलं. माफी मागितली म्हणवत नाही, पण सांगितलं.

वाळलेला गोंद सहज सोडवता येत नाही. खालच्या कडेवर जे दोन कोपरे टेकत होते, पुढचा उजवा आणि मागचा डावा, तिथून १.५ मिमी रंध्याने उतरवला आणि तिथून निघणाऱ्या दोन्ही कडांवर शेजारच्या कोपऱ्यापर्यंत शून्यावर आणला. वरच्या कडेवर हेच उरलेल्या दोन कोपऱ्यांना केलं. खोबण खालून १० मिमीवर होती, म्हणून ८.५ लाकूड उरलं आणि काम निभावलं. काचेवर ड्रॉवर आता मुकाट बसला. पण उंची १३६.५ झाली आणि फट बटबटीत दिसायला लागली. उजवा रनर तर मीच बिघडवलेला, तो काढून नवा बसवला. मग सगळ्या रनरवर १.५ मिमीच्या पट्ट्या चिकटवून ड्रॉवर वर उचलला. आता वर २, खाली दीड. तिन्ही फटी सारख्या दिसाव्यात म्हणून उरलेले दोन ड्रॉवरही मुद्दाम १३६.५ चेच केले. ते काचेवर ठेवूनच जोडले, कर्ण मोजायच्या आधी कोपरे दाबून बघितले.

बाईंनी तिन्ही ओढून बघितले आणि म्हणाल्या, छान झालेत. रनरच्या पट्ट्यांबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

डोक्यात घोळतंय ते वेगळंच. उलटवून बघायची ही युक्ती मी कित्येक वर्षं वापरतोय. दर वेळी कपाट दोषी ठरलं की मला बरंच वाटायचं. एक जुनं टेबल आठवतं, ज्याचा रनर मी दोनदा छिलला, आणि तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकांना म्हणालो, "हवेमुळे होतं." त्यांनी मान डोलावली होती. त्या ड्रॉवरचे कोपरे मी कधी दाबून बघितलेच नाहीत.