तक्रारी फोनच्या जास्त होत्या, दुखणं भलतीकडेच होतं

तिमाहीचा एनपीएस, म्हणजे ग्राहक आमची सेवा दुसऱ्यांना किती सुचवतील हे सांगणारा नेट प्रमोटर स्कोअर, 17 वरून 13 वर आला आणि सरांनी मला फाइल पाठवून खाली एकच ओळ लिहिली: "शुक्रवारपर्यंत सांग, आधी काय सुधारायचं." आमचं काम घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं. ग्राहक फोन करतो, टेक्निशियन घरी जातो, काम झालं की मोबाइलवर दोन प्रश्न जातात. "आमची सेवा तुम्ही ओळखीच्या माणसाला सुचवाल का, 0 ते 10 मध्ये सांगा" हा पहिला, आणि दुसरा, "असे गुण का दिलेत?" फाइलमध्ये 600 उत्तरं होती. त्यातल्या 340 जणांनी दुसऱ्या प्रश्नालाही काहीतरी लिहिलं होतं.

आकडा कसा निघतो हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: 9 आणि 10 देणारे प्रमोटर, 7 आणि 8 देणारे पॅसिव्ह, 0 ते 6 देणारे डिट्रॅक्टर. प्रमोटरांच्या टक्क्यांतून डिट्रॅक्टरांचे टक्के वजा केले की झालं. फ्रेड राइशहेल्ड यांनी 2003 मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून मीटिंगमध्ये बोट ठेवायला एक आकडा मिळाला. आमच्याकडे 264 प्रमोटर होते, 150 पॅसिव्ह आणि 186 डिट्रॅक्टर, म्हणजे 44 वजा 31. गुण B कॉलममध्ये असतील तर एक्सेलमध्ये एवढंच लिहायचं:

```
=(COUNTIF(B2:B601,">=9")-COUNTIF(B2:B601,"<=6"))/COUNT(B2:B601)*100
```

पहिल्या दिवशी मी घसरणीचं कारण शोधत बसले आणि तो दिवस वाया गेला. संध्याकाळी सुचलं की आधी घसरण खरंच झाली आहे का ते तपासावं. 600 उत्तरांवर काढलेल्या आमच्या या आकड्यात साधारण 7 गुण इकडे किंवा 7 गुण तिकडे असा निव्वळ योगायोगाचा फरक पडू शकतो. दोन तिमाहींची तुलना करायची तर ही मर्यादा आणखी वाढते, जवळजवळ 10 पर्यंत जाते. म्हणजे 4 गुणांच्या फरकावरून काहीच ठरत नाही. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग सुधारायचं काही नाही असं म्हणायचंय का तुला?" तसं नव्हतं. 186 माणसं नाराज होतीच. ती मागच्या तिमाहीपेक्षा वाढली का, एवढंच या फाइलवरून सांगता येत नव्हतं. मी घसरणीचा नाद सोडला आणि 340 अभिप्राय वाचायला घेतले.

वाचण्याआधी एक आळस करून पाहिला होता, तोही सांगते. शब्द मोजून त्यांचं चित्र काढणारं टूल होतं, त्यात सगळा मजकूर टाकला. सगळ्यात मोठा शब्द आला "टेक्निशियन", त्याखालोखाल "नाही". त्यातून काय समजायचं? शिवाय निम्मे अभिप्राय रोमन लिपीतले, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. एकाने लिहिलं होतं, "वा, तिसऱ्यांदा आले, अभिनंदन तुमचं." नुसते शब्द पाहिले तर हे कौतुक वाटतं, आणि गुण होता 2.

मग हाताने. पहिले 100 अभिप्राय नुसते वाचले, समोर कोरा कागद ठेवून, आणि विषय येतील तसे टिपले. चौदा विषय झाले, ते एकमेकांत मिसळून नऊवर आणले. प्रत्येक विषयापुढे एक वाक्य लिहिलं: यात काय मोडतं आणि काय मोडत नाही. एका अभिप्रायाला दोन-तीन विषयही लागू शकतात, ती मुभा ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला त्यातले 60 अभिप्राय आणि विषयांची यादी दिली, आणि मी कुठे काय लावलंय ते न दाखवता तिला विषय लावायला सांगितले. आमचं 41 ठिकाणी जुळलं, 19 ठिकाणी नाही. भांडण मुख्यतः "उशीर" या शब्दावर होतं. फोन उशिरा उचलला तोही उशीर, माणूस ठरलेल्या वेळेला आला नाही तोही उशीर, आणि काम संपायला तीन आठवडे लागले तोही उशीरच. "उशीर" हा विषय आम्ही रद्द करून त्याचे तीन केले. नवे 60 घेऊन परत करून पाहिलं, तेव्हा 53 जुळले. मग उरलेले मी एकटीने संपवले.

या वाचनात नऊ अभिप्राय असे सापडले की गुण 1, आणि खाली लिहिलंय, "खूप छान काम, धन्यवाद." त्या लोकांनी 1 म्हणजे पहिला नंबर समजला होता. गुण बदलायचा मोह झाला, पण बदलला नाही. तेच लॉजिक लावायचं तर 10 देऊन "ठीक" लिहिणाऱ्यांचंही बदलावं लागलं असतं. ते नऊ वेगळ्या रंगात ठेवले आणि प्रश्नाखाली "0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे नक्की" ही ओळ टाकायची विनंती केली. आणखी एकाने लिहिलं होतं, "त्यांनी 10 द्यायला सांगितले म्हणून दिले." असे न लिहिणारे किती असतील कोण जाणे.

आता मोजणी. सर्वांत जास्त उल्लेख फोनचे होते: 78 जणांनी "फोन लागत नाही, लागला तर कोणी उचलत नाही" असं लिहिलं होतं. ठरलेल्या वेळी माणूस न आल्याची तक्रार 52 जणांची, आणि पहिल्या फेरीत काम न झाल्याची 46 जणांची. सरांना अंदाज होताच, ते म्हणाले, "बघ, फोनची सिस्टिम बदलायचं मी वर्षभर सांगतोय."

पण मी प्रत्येक विषयाच्या लोकांचे गुण वेगळे काढले तेव्हा चित्र उलटं दिसलं. फोनबद्दल कुरकुरणाऱ्या 78 जणांत 28 प्रमोटर होते आणि 24 डिट्रॅक्टर. म्हणजे फोन लागत नाही असं लिहूनही बरेच जण 9 देत होते, "बाकी काम मस्त" असं पुढे जोडून. दुसऱ्या फेरीच्या 46 जणांत प्रमोटर 2, डिट्रॅक्टर 38. या गटाचा स्वतःचा एनपीएस उणे 78.

त्यातून एक साधी कसोटी काढली: हा गट फाइलमधून काढून टाकला तर एकूण आकडा किती होतो? फोनवाले काढले तर 13 चा 14 होतो. दुसऱ्या फेरीवाले काढले तर जवळजवळ 21. वेळ न पाळल्याची तक्रार करणारे काढले तर 20. हे काही सुधारणेनंतर मिळणाऱ्या गुणांचं भाकीत नव्हे. ज्याचं काम दोनदा अडलं तो कदाचित बिलावरही वैतागलेला असेल, त्याचा एक त्रास मिटला म्हणून तो लगेच 10 देणार नाही. ही ढोबळ कसोटी आहे, आणि विषयांची आपापसात तुलना करण्यापुरतीच ती वापरावी.

आता दोन विषय जवळपास बरोबरीने पुढे होते, दुसरी फेरी आणि न पाळलेली वेळ. दोन्हींवर काम करायला माणसं नव्हती. इथे अभिप्राय बाजूला ठेवून मी जॉब नंबर लावून कामाच्या नोंदी उघडल्या, आणि खरी गंमत तिथे झाली. वेळ न पाळल्याच्या 52 तक्रारींपैकी 33 ठिकाणी चुकलेली वेळ ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीची होती. त्यांतल्या 19 जणांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, उरलेल्या 14 जणांनी फक्त "आलेच नाहीत" एवढं. म्हणजे दुसऱ्या फेरीचा गट 46 चा नव्हता, 60 चा होता. नव्या कामांचं वेळापत्रक सकाळी भरून जायचं आणि परतीची फेरी मध्ये कुठेतरी कोंबली जायची, तीच चुकायची.

त्या 60 कामांच्या पावत्या एकेक करून वाचल्या. 37 ठिकाणी टेक्निशियनने लिहिलं होतं, "पार्ट नव्हता" किंवा "मॉडेल वेगळं". आमच्यातल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन काकांना विचारलं तर ते हसले. "ताई, मला कागदावर फक्त 'मशीन चालत नाही' एवढंच येतं. कुठलं मशीन ते घरी गेल्यावर कळतं. मग परत स्टोअरला या." मॉडेल नंबरचा स्टिकर बहुतेक उपकरणांच्या मागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला असतो. बुकिंग घेताना तो कोणी विचारत नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

फोनचा विषय मी पूर्ण सोडला नाही. एका दिवसाची कॉलची यादी मागवली: 120 कॉल, त्यांतले 47 "माणूस कधी येणार?" विचारणारे. एका दिवसावरून फार बोलू नये, पण लाइन कशाने भरते याचा अंदाज आला.

शुक्रवारी तीन पानांऐवजी एक पान दिलं. पहिली सुधारणा: बुकिंगच्या वेळी मॉडेल नंबर आणि शक्य असेल तर स्टिकरचा फोटो. दुसरी: परतीच्या फेरीसाठी दिवसातले दोन स्लॉट राखून ठेवायचे. फोनची सिस्टिम तिसरी, आणि तीही पहिल्या दोन्हींनंतर कॉल परत मोजून. सर म्हणाले, "एवढंच?" नवा रकाना टाकायला अर्धा दिवस लागणार होता, सिस्टिमचं कोटेशन काही महिन्यांच्या कामाचं होतं. त्यामुळे "एवढंच" हेच कामाला आलं.

आठ टीमपैकी दोनवर सहा आठवडे करून पाहिलं, बाकी सहा पूर्वीसारख्याच ठेवल्या. एनपीएसकडे मी बघितलंच नाही, दोन टीमच्या उत्तरांवर तो वर-खाली नाचत राहतो. शंभर कामांमागे दुसरी फेरी किती लागते ते मोजलं. त्या दोन टीममध्ये ते 23 वरून 15 वर आलं, बाकींच्यात 22 चं 21. आठच का उतरलं? कारण काही ग्राहकांना मागे वाकून स्टिकर बघणं जमत नाही, काहींचे फोटो इतके धूसर की नंबर वाचता येत नाही, आणि बुकिंग घेणारी मुलं गर्दीत तो रकाना "माहीत नाही" असा भरून मोकळी होतात.

पुढच्या तिमाहीचा आकडा 16 आला. सरांनी ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं. मी त्यांना वेगळा मेसेज करून सांगितलं की 13 ते 16 हा फरकही त्या 10 च्या आतलाच आहे. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. सर्वे जातो काम "पूर्ण" झाल्यावर. ज्यांनी दोन फेऱ्यांनंतर कंटाळून दुसरीकडून दुरुस्ती करून घेतली, त्यांचं काम आमच्याकडे "रद्द" होतं आणि त्यांना प्रश्न जातच नाही. सगळ्यात वैतागलेली माणसं माझ्या 600 मध्ये नव्हतीच. रद्द झालेल्या कामांची यादी काढली आहे, 90 आहेत. सोमवारपासून त्यांना फोन करायचे आहेत, लाइन मिळाली तर.