वर्गणीचा बॉक्स प्लॉट आणि रुसलेले काका

आमची सोसायटी बडोद्यातली, ५२ घरांची, त्यात मराठी निम्म्याहून जास्त. गणपती कॉमन प्लॉटवर बसतो आणि विसर्जनानंतरच्या रविवारी तिथेच सतरंजी टाकून हिशेबाची बैठक होते. या वेळी खजिनदार काकांनी आकडा वाचला: ४१ घरांकडून ३८,३९१ रुपये. मोबाईलवर भागाकार करून म्हणाले, "घरटी ९३६ पडतात. लोक देतातच एवढे, तर पुढच्या वर्षी सरळ हजार मागू."

मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे, बॉक्स प्लॉट, म्हणजे आकडे कुठे किती पसरलेत ते डबा काढून दाखवणारं चित्र, रोज बघतो. हजाराची गोष्ट मला खटकली. "आठ दिवस द्या, चित्र काढून दाखवतो," असं बोलून गेलो आणि पावतीपुस्तक घरी आणलं.

पहिली बैठक फसली, आणि ती माझ्यामुळेच. कोणत्या पट्ट्यात किती घरं हे खांबांनी दाखवणारा हिस्टोग्राम काढताना सॉफ्टवेअरने १०१ ते ११,००१ या पल्ल्याचे आपणहून दहा सारखे तुकडे केले. एकेक तुकडा १,०९० रुपयांचा. पहिल्याच खांबात ३७ घरं, आणि पुढे सगळं जवळजवळ मोकळं. त्याच्या खालचा बॉक्स प्लॉट ११,००१ च्या ओढीने डाव्या कडेला काडेपेटीएवढा होऊन बसलेला. त्यावर मी कामावर लिहितो तसं 'मध्यक', 'पहिले चतुर्थक' वगैरे लिहिलं होतं, आणि उजवीकडच्या दोन ठिपक्यांपाशी 'बाहेरचे'.

कोपऱ्यातल्या बंगल्यातले काका चष्मा सावरत पुढे आले. ११,००१ त्यांचेच, हे सगळ्यांना माहीत. "बाहेरचे? तीस वर्षं राहतोय इथे मी!" लोक हसले, ते हसले नाहीत. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यातच समोरच्या वहिनींनी विचारलं, "डब्याचा उजवा भाग मोठा आहे, म्हणजे जास्त पैसे देणारी घरं जास्त, ना?" हा प्रश्न मला फार कामाचा वाटला. बॉक्स प्लॉट पहिल्यांदा बघणारा माणूस नेमकं हेच वाचतो, कारण मोठं म्हणजे जास्त हे त्याला शाळेतल्या स्तंभालेखापासून माहीत असतं. इथे मात्र मोठं म्हणजे फक्त पसरलेलं.

दुसऱ्या वेळी चित्र शेवटी दाखवायचं ठरवलं. ४१ चिठ्ठ्या केल्या, त्यांवर फक्त रकमा, नावं नाहीत. सतरंजीवर लहान-मोठ्या क्रमाने एका ओळीत मांडल्या: १०१ च्या ४, २५१ च्या ९, ५०१ च्या १७, १००१ च्या ७, २१०१ च्या २, मग ५००१ आणि ११,००१ ची एकेक. एका मुलाला सांगितलं, दोन्ही टोकांकडून मोजत ये आणि मधली चिठ्ठी उचल. एकविसावी आली, ५०१. मग डावीकडून अकरावी, २५१. उजवीकडून अकरावी, १००१. तीन चिठ्ठ्या वर धरल्या आणि म्हटलं, हा झाला डबा: २५१ पासून १००१ पर्यंत, मध्ये ५०१ वर रेघ.

वहिनींचं उत्तर तिथेच मिळालं. अकराव्या चिठ्ठीपासून एकविसावीपर्यंत दहा पावलं, एकविसावीपासून एकतिसावीपर्यंतही दहाच. पण पहिल्या दहांत रक्कम २५० ने वाढते आणि दुसऱ्या दहांत ५०० ने, म्हणून डब्याचा उजवा भाग दुप्पट रुंद. घरं तेवढीच. त्या स्वतः वाकून मोजून आल्या, मगच मान डोलावली.

मग चित्र लावलं. अक्ष २,५०० लाच तोडला आणि उजव्या कडेला बाण काढून लिहिलं, 'आणखी दोन घरं: ५००१ आणि ११,००१. कागदावर मावली नाहीत.' बंगल्यातल्या काकांनी वाचलं, बोलले काही नाहीत, पण खुर्ची पुढे ओढली. मधल्या रेघेवर लिहिलं, 'घरं ओळीत उभी केली तर मधलं घर: ५०१.' डब्याखाली, 'मधली निम्मी घरं साधारण इथे.' वेगळ्या रंगाची तुटक रेघ ९३६ वर मारली आणि तिच्यापाशी, 'सरासरी. ४१ पैकी ३० घरांनी याहून कमी दिले.' खजिनदार काका त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. दोन मोठ्या रकमा बाजूला काढल्या तर सरासरी ५७४ वर येते, हे मी तोंडीच सांगितलं. चित्रावर आणखी गर्दी नको होती.

डब्याच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या रेघा म्हणजे मिश्या. डाव्या मिशीच्या टोकाला 'सर्वात कमी' असं लिहिलं नाही. १०१ देणारी चार घरं कोणती, हे आमच्याकडे अर्ध्या तासात निघालं असतं. तिथे नुसता आकडा ठेवला.

ठिपका कशाला म्हणायचं, हेही एकाने विचारलं. डब्याची रुंदी ७५०, तिची दीडपट ११२५. डब्याच्या उजव्या कडेपासून तेवढं पुढे गेलं की २१२६. त्यापलीकडे जो जाईल त्याचा ठिपका. २१०१ वाले पंचवीस रुपयांनी मिशीत राहिले! दीडपट हा संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी घालून दिलेला संकेत. ठिपका म्हणजे चूक नव्हे, 'एकदा पावती बघून घ्या' एवढाच त्याचा अर्थ. पावती बघितली, रक्कम बरोबर होती.

डब्याला एक गोष्ट दाखवताच येत नाही: ५०१ वर १७ घरांचा जमाव. म्हणून खाली पुन्हा हिस्टोग्राम ठेवला, पण या वेळी खांब ५०० रुपयांचे. पहिला १३ घरांचा, दुसरा १७, तिसरा ७. दुसऱ्या खांबावर लिहिलं, 'ही सगळी ५०१ ची.' नाहीतर कुणीतरी ५०० ते १००० च्या मध्ये, साडेसातशे देणारी घरं कल्पून बसलं असतं. आपल्याकडे वर्गणी २५१, ५०१, १००१ अशा टप्प्यांनीच जाते, मधल्या रकमा कुणी देत नाही.

पुढच्या वर्षी ५०१ सुचवायचे, जास्त ज्याच्या त्याच्या मर्जीवर, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आणि ज्यांनी दिलेच नाहीत ती अकरा घरं कुठे आहेत यात?"

कुठेच नव्हती. पावती नाही म्हणून चिठ्ठी नाही. घरी जाऊन ११ शून्यं घालून चित्र पुन्हा काढलं, तर मधली रेघच दिसेना. मला वाटलं फाईल बिघडली. मग मोजलं: ५२ घरांत मधलं घर अजून ५०१ वरच, पण तीन चतुर्थांशाची खूणसुद्धा आता ५०१ वरच पडते. रेघ डब्याच्या उजव्या कडेत मिसळली होती. डबा १०१ ते ५०१ एवढाच उरला आणि ठिपक्यांची मर्यादा ११०१ वर आल्यामुळे २१०१ वाली दोन्ही घरं ठिपके झाली.

सोमवारी नोटीस बोर्डावर दोन्ही चित्रं लावली. पहिल्यावर, 'ज्यांनी दिली ती ४१ घरं.' दुसऱ्यावर, 'सगळी ५२ घरं', आणि उजव्या कडेला बाण: 'मधली रेघ हरवलेली नाही, ती इथेच आहे, ५०१ वर.'